वर्कशीटऐवजी गुणाकाराचा पट: तिसरीच्या लहान गटांसाठी

तीस गुणाकारांचं वर्कशीट एखाद्या मुलाने पूर्ण करून दिलं आणि सगळी उत्तरं बरोबर असली, तरी ती कशी आली हे त्या कागदावरून कळत नाही. एकाने पाढा आठवला असेल, दुसऱ्याने बोटं मोजली असतील, तिसऱ्याने शेजारच्या उदाहरणाच्या उत्तरात सात मिळवून पुढचं उत्तर लिहिलं असेल. तिघांनाही सारखीच शाबासकी मिळते आणि पुढच्या आठवड्यात ७ × ८ पुन्हा अडतो.

खेळामुळे हे बदलू शकतं, पण कोणत्याही खेळाने नाही. वर्ग गोलात बसवून चेंडू फेकायचा आणि ज्याच्या हातात तो येईल त्याने उत्तर द्यायचं, या खेळात वीस मिनिटांत प्रत्येक मुलाच्या वाट्याला एखादाच प्रश्न येतो. त्यापेक्षा वर्कशीट बरं. म्हणून खेळ निवडताना मी एकच गोष्ट मोजायला सांगेन: पंधरा मिनिटांत प्रत्येक मुलाला किती गुणाकारांचा विचार करावाच लागतो? आपली पाळी नसतानाही त्याचं डोकं चालू राहतं का? या कसोटीला सगळ्यात चांगला उतरणारा खेळ म्हणजे गुणाकाराचा पट. तो वर्गात कसा आणायचा, तेच इथे सविस्तर सांगते.

आधी ठरवा, सराव कशाचा हवा आहे

१ ते ९ च्या पाढ्यांत एकूण ८१ गुणाकार आहेत. पण ३ × ८ आणि ८ × ३ एकच आहेत हे मुलाला पटलं, की उरतात ४५. त्यांतले एक, दोन आणि पाचचे बहुतेक मुलांना तिसरीत लवकर येतात. ते काढले की फक्त ३, ४, ६, ७, ८, ९ या सहा अंकांचे आपसांतले २१ गुणाकार राहतात. नवाचे गुणाकार दहापटीतून एकपट वजा करून मिळतात, म्हणजे ९ × ७ साठी ७० मधून ७. ते जमलं की खऱ्या अर्थाने अडणारे १५ च उरतात. वर्कशीट मात्र ८१ च्या ८१ गुणाकारांवर सारखाच वेळ घालवायला लावतं.

गट पाडण्याआधी प्रत्येक मुलाशी दोन-तीन मिनिटं बोला. गुणाकार लिहिलेले आठ-दहा कागदाचे तुकडे एकेक करून समोर ठेवा. उत्तर बरोबर की चूक, यापेक्षा ते कसं आलं याकडे लक्ष द्या. काही उत्तरं लगेच येतात. काही मूल दुसऱ्या माहीत गुणाकारातून काढतं: "सहा सक छत्तीस, अजून एक सहा, बेचाळीस." काहींसाठी ते पाढा पहिल्यापासून पुटपुटतं किंवा बोटं मोजतं. ओठ हलताना दिसले की समजायचं, ते सात एके सात पासून चढत निघालंय. तीन रकाने आखून प्रत्येक गुणाकार त्या त्या रकान्यात लिहा. गट याच नोंदींवरून पाडायचे, परीक्षेच्या गुणांवरून नाही.

ज्याचे बहुतेक गुणाकार तिसऱ्या रकान्यात आहेत, त्याला पटावर बसवू नका. पट त्याला काही शिकवणार नाही, तो नुसता हरेल. त्याच्यासाठी आधी आयतांचा खेळ घ्या.

पटाच्या आधी: आयत

चौकटीच्या वहीचं एक पान दोघांमध्ये ठेवायचं. एका फाशावर नेहमीसारखे १ ते ६ अंक. दुसऱ्या फाशाच्या सहा बाजूंवर कागद चिकटवून ३, ४, ६, ७, ८, ९ लिहायचे. अडणारे अंकही नेमके सहाच आहेत, त्यामुळे एका फाशावर ते बरोबर बसतात. साध्या दोन फाशांवर ७, ८, ९ कधीच येत नाहीत, आणि नेमका त्यांचाच सराव राहून जातो.

फासे पडले ४ आणि ७, तर मुलाने चार ओळी आणि सात उभ्या रांगांचा आयत आपल्या रंगाने आखायचा. पण आत उत्तर लिहिण्याआधी त्यात एक रेघ मारून आयताचे दोन सोपे तुकडे करायचे. सातचे पाच आणि दोन केले, तर एका बाजूला ४ × ५ = २० आणि दुसऱ्या बाजूला ४ × २ = ८, मिळून २८. पान भरत आलं आणि ज्याला आयत बसवायला जागा मिळाली नाही, त्याचा डाव संपला. शेवटी ज्याच्या रंगाची जागा जास्त, तो जिंकला.

या खेळातली खरी गोष्ट ती रेघ आहे. रेघेशिवाय मूल चौकटी एकेक करून मोजतं आणि मोजण्याचाच सराव होतो. रेघ कुठे मारायची हे त्याला ठरवू द्या. कोणी सातचे तीन आणि चार करेल, तेही बरोबरच आहे. काही डावांनंतर बहुतेक मुलं आपणहून पाचवर रेघ मारू लागतात, कारण पाचचा पाढा तोंडात असतो. असं होऊ लागलं की मूल पटावर यायला तयार आहे.

पट कसा आखायचा

१ ते ९ अंकांचा एकमेकांशी गुणाकार केला, तर वेगवेगळी उत्तरं ३६ च मिळतात. त्यामुळे सहा बाय सहाचा चौरस नेमका भरतो:

```
 १   २   ३   ४   ५   ६
 ७   ८   ९  १०  १२  १४
१५  १६  १८  २०  २१  २४
२५  २७  २८  ३०  ३२  ३५
३६  ४०  ४२  ४५  ४८  ४९
५४  ५६  ६३  ६४  ७२  ८१
```

पटाच्या खाली १ ते ९ ची एक पट्टी आखा. पट्टीवर ठेवायला दोन बटणं किंवा सोंगट्या आणि रंगवायला दोन रंगांच्या पेन्सिली. एवढंच सामान.

पहिला खेळाडू एक सोंगटी पट्टीवर कुठेही ठेवतो. दुसरा खेळाडू दुसरी सोंगटी ठेवतो आणि दोन्ही अंकांचा गुणाकार पटावर आपल्या रंगाने रंगवतो. त्यानंतर प्रत्येक पाळीला दोन्हींपैकी एकच सोंगटी हलवायची आणि नवा गुणाकार रंगवायचा. दोन्ही सोंगट्या एकाच अंकावर असल्या तरी चालतं, म्हणजे ६ × ६ ही होतो. रंगवलेलं घर पुन्हा घेता येत नाही. कोणतीच चाल उरली नाही, तर सोंगटी हलवायची पण रंगवायचं नाही. आडवी, उभी किंवा तिरपी सलग चार घरं ज्याची, तो जिंकला.

एकच सोंगटी हलवायची, या नियमावर सगळा खेळ उभा आहे. फासा नसल्यामुळे मूल नशिबावर राहत नाही. एक अंक अडकलेला असतो आणि हवं ते घर समोर दिसत असतं. तेव्हा मुलाच्या मनात प्रश्न येतो: आठाला कितीने गुणलं म्हणजे ५६ येतील? हा भागाकाराचाच प्रश्न आहे, फक्त भागाकाराचं चिन्ह न लिहिता विचारलेला. एकेका चालीआधी मूल चार-पाच गुणाकार मनातल्या मनात तपासतं, आणि समोरचा काय करेल हे पाहायला आणखी काही. वर्कशीटवरच्या एका ओळीत हे कधीच होत नाही.

एक डाव जवळून

लाल खेळाडूकडे १८, २८ आणि ४२ ही घरं आहेत. तिन्ही तिसऱ्या उभ्या रांगेत, एकाखाली एक. त्याला वर ९ किंवा खाली ६३ मिळालं की डाव संपला. त्याने नुकताच ४२ घेतलाय, म्हणून सोंगट्या ६ आणि ७ वर आहेत. आता पाळी निळ्याची.

पहिल्यांदा खेळणारं मूल लगेच ६३ अडवायला धावतं. ६ वरची सोंगटी ९ वर नेतं, नऊ साते त्रेसष्ट, आणि घर निळं करतं. पण आता सोंगट्या ९ आणि ७ वर आहेत. लाल खेळाडू ७ वरची सोंगटी १ वर नेतो, ९ × १ म्हणजे ९, आणि जिंकतो.

निळ्याने ६ वरची सोंगटी हलवून ७ तसाच ठेवला, तरी लाल खेळाडू दुसरी सोंगटी ९ वर नेऊन ६३ घेईल. म्हणजे निळ्याने ७ काढलाच पाहिजे आणि ६ ठेवला पाहिजे. पण तो ७ न्यायचा कुठे? १, ३ किंवा ९ वर नेला, तर लालला ९ मिळवता येतो: एकाला नवाने गुणून, तीनाला तिनाने गुणून किंवा नवाला एकाने गुणून. उरतात २, ४, ५, ६ आणि ८. निळा ८ वर नेतो आणि सहा आठे अठ्ठेचाळीस घेतो. आता सोंगट्या ६ आणि ८ वर. सहाच्या पाढ्यात ९ नाही, ६३ नाही. आठाच्याही नाही. लालचा धोका या पाळीपुरता टळला.

लाल खेळाडूही गप्प बसत नाही. तो ६ वरची सोंगटी पुन्हा ७ वर नेतो, सात आठे छप्पन्न रंगवतो, आणि निळ्याला पुन्हा सात काढायला भाग पाडतो. या दोन-तीन पाळ्यांत दोघांनी "६३ कोणाकोणाच्या पाढ्यात येतं?" याचा विचार जितक्या आवडीने केला, तितका कुठल्याही कागदावर करणार नाहीत. हा प्रसंग फळ्यावर मांडून "निळ्याने काय करावं?" एवढंच वर्गाला विचारा आणि थांबा. पहिलं उत्तर बहुधा ६३ अडवण्याचंच येईल. ते खोडून काढू नका. कोणालातरी लाल होऊन पुढची चाल खेळू द्या.

गट किती मोठा, आणि वेळ कसा लावायचा

चार मुलांचा गट आणि जोडीविरुद्ध जोडी, हे मला सगळ्यात चांगलं वाटतं. एकट्याने खेळताना मूल मनात विचार करतं आणि आपल्याला काही ऐकू येत नाही. जोडीत त्याला बोलावं लागतं. धोका एकच: हुशार मूल दोघांच्याही चाली खेळतं. त्यावर साधा नियम लावा. सोंगटी पाळीपाळीने एकेकाने हलवायची, आणि जोडीदाराने चाल सुचवायची नाही, फक्त "का?" विचारायचं. तीन मुलं उरली तर दोघं खेळतील आणि तिसरा पाढ्यांचा तक्ता घेऊन प्रत्येक उत्तर तपासेल. पुढच्या डावाला तपासणारा बदलायचा.

दोन्ही जोड्यांची पातळी जवळपास सारखी असू द्या. पंधरापैकी बारा गुणाकार लगेच सांगणारं मूल आणि तीनच सांगणारं मूल समोरासमोर बसवलं, तर दोघांचाही वेळ फुकट जातो.

पहिल्या दिवशी गट पाडूच नका. फळ्यावर पट आखून तुम्ही एका बाजूला आणि सगळा वर्ग दुसऱ्या बाजूला, असा एक पूर्ण डाव खेळा. "एकच सोंगटी" हा नियम मुलं इथेच शिकतात. पुढे रोजचा वेळ साधारण असा: तीन मिनिटं कालच्या एखाद्या पेचावर बोलणं, पंधरा मिनिटं खेळ, पाच मिनिटं नोंदी. घड्याळ लावून वेग मोजू नका. वेळेची घाई लागली की काढून उत्तर देणारं मूल विचार सोडून अंदाज लावू लागतं, आणि नेमका तो विचारच आपल्याला हवा असतो.

पट आठवडाभर बदलू नका. नियम ओळखीचे झाले की मग मुलं गुणाकारांकडे लक्ष देतात, आणि तुम्ही एका गटाजवळ निवांत बसून ऐकू शकता. रोज एकाच गटाजवळ बसा. वर्गभर फिरत राहिलात तर फक्त भांडणं सोडवत बसाल.

वर्कशीटची नोंद कुठून आणायची

पालक आणि मुख्याध्यापक विचारणारच, की मुलाने केलं काय ते दाखवा. त्यासाठी प्रत्येक मुलाजवळ कागदाची एक लांब पट्टी द्या. प्रत्येक चालीनंतर त्याने आपला गुणाकार लिहायचा, ७ × ८ = ५६, आणि पुढे एक खूण करायची. लगेच आलं तर ठिपका. काढावं लागलं तर छोटी रेघ आणि शेजारी कसं काढलं ते, जसं ४० + १६. पट्टी लिहिल्याशिवाय पुढची पाळी नाही.

दिवसाच्या शेवटी या पट्ट्या वाचायला फार वेळ लागत नाही, आणि वर्कशीट तपासण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं. पट्टीवर ज्या गुणाकारापुढे नेहमी रेघ येते, तो त्या मुलाचा पुढचा अभ्यास. जो गुणाकार कधीच दिसत नाही, त्याच्याकडे आणखी लक्ष द्या. एखाद्या मुलाच्या पट्टीवर सगळे गुणाकार १, २ आणि ५ चेच असतील, तर ते हुशारीने अवघड घरं टाळतंय. मोठ्या पटावर हे जमतं, कारण त्यात सोपी घरं भरपूर आहेत. अशा मुलांसाठी दुसरा पट हवा.

अवघड अंकांचा छोटा पट

पटाखालच्या अंकांच्या पट्टीवर फक्त ३, ४, ६, ७, ८, ९ ठेवा. या सहा अंकांचे २१ गुणाकार होतात, पण २४ आणि ३६ दोन-दोन वाटांनी येतात, म्हणून वेगवेगळी उत्तरं १९. पाच बाय चारच्या पटात एक घर मोकळं राहतं. ते दोघांचंही धरायचं:

```
 ९  १२  १६  १८  २१
२४  २७   ★  २८  ३२
३६  ४२  ४८  ४९  ५४
५६  ६३  ६४  ७२  ८१
```

नियम तेच, सलग चार. इथे पळवाट नाही. प्रत्येक चाल अडणाऱ्या गुणाकारांतलीच. डावही लवकर संपतो, त्यामुळे पंधरा मिनिटांत मुलांना बहुधा पुन्हा खेळता येतं. २४ घेण्यासाठी ३ आणि ८ हवेत की ४ आणि ६ ही चालतील, यावरून वाद झाला तर होऊ द्या. तो उपयोगी वाद आहे.

काय बिघडतं आणि ते कसं ओळखायचं

सगळ्यात जास्त दिसणारी अडचण म्हणजे पाढा पहिल्यापासून म्हणणं. मुलाला आठाला सातने गुणायचंय आणि ते आठ एके आठ पासून निघतं. उत्तर बरोबर येतं, म्हणून बाकीचे काही म्हणत नाहीत. तुम्ही जवळ बसलात तर त्याला थांबवू नका, पण पुढच्या वेळी तोच गुणाकार आला की विचारा, "पाच आठे किती?" चाळीस, ते लगेच सांगेल. "मग अजून किती आठ हवेत?" दोन. "बे आठे?" सोळा. चाळीस आणि सोळा. दोन-तीन वेळा असं झालं की पाढ्याच्या मधून आत शिरण्याची वाट त्याला सापडते. आयतातली रेघ इथे पुन्हा कामाला येते, आणि अडलंच तर वहीच्या कोपऱ्यात आयत काढायला सांगा.

दुसरी अडचण चुकीचं घर रंगवण्याची. सहा साते चौपन्न म्हणून ५४ रंगवलं आणि समोरच्याला कळलंच नाही. म्हणून रंगवण्याआधी गुणाकार मोठ्याने म्हणायचा आणि समोरच्या जोडीने "बरोबर" म्हणायचं, तोवर पेन्सिल कागदाला लावायची नाही. चूक पकडणाऱ्या जोडीला जास्तीची पाळी वगैरे देऊ नका. मग मुलं चुकांची वाट पाहू लागतात आणि चुकणारं मूल गप्प होतं.

तिसरी अडचण, सतत हरणारं मूल. बऱ्याचदा त्याला गुणाकार येतात, पण समोरचा काय करेल हे पाहण्याची सवय नसते. त्याच्या पट्टीवर ठिपके भरपूर असतील, तर गणिताची काळजी नको. जोडीदार बदला, किंवा जिंकण्याची अट सलग चारऐवजी डावअखेर जास्त घरं अशी ठेवा.

पट काय करू शकत नाही, हेही पाहून ठेवा. ६ × ४ म्हणजे सहाचे चार गट, हा अर्थ तो शिकवत नाही. शाब्दिक उदाहरणात गुणाकार करायचा की बेरीज, हेही नाही. त्यासाठी वेगळे तास ठेवावेच लागतात. दर दोन आठवड्यांनी मात्र प्रत्येक मुलाला त्याच्याच पट्टीतले दहा गुणाकार कागदावर द्या, वेळेची अट न घालता. ज्यांपुढे आधी रेघा होत्या त्यांतले सात-आठ आता लगेच येत असतील, तर त्याला पुढच्या गटात हलवा. तीन-चारच येत असतील, तर छोट्या पटाच्या पट्टीवरचे अंक कमी करा. फक्त ३, ४, ६ आणि ७ ठेवले, तरी दहा गुणाकारांचा सराव होतो आणि उत्तरं सगळी वेगळी येतात: ९, १२, १६, १८, २१, २४, २८, ३६, ४२, ४९. दोन ओळींत पाच-पाच घरं, आणि सलग तीन ज्याची तो जिंकला.